ज्युरीच्या बाकावर कोण बसले होते?

आमच्या अभ्यासवर्गात महिन्यातून एकदा चित्रपट दाखवतो आणि नंतर त्यावर चर्चा करतो. मागच्या वेळी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने 'अ टाइम टू किल' हा 1996 चा अमेरिकन चित्रपट निवडला. शेवटी तरुण वकील डोळे मिटायला सांगतो आणि अख्खी ज्युरी रडते, तो प्रसंग संपला तेव्हा खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या मुलाचे म्हणणे होते, "सर, वकील व्हायचे तर असा युक्तिवाद करता आला पाहिजे." मागे बसलेल्या एका मावशींनी त्याला विचारले, "अरे पण, पोरगी गोरी आहे असं समजल्यावरच त्यांना रडू आलं ना? ती काळी होती तोपर्यंत का नाही आलं?"

त्या दिवसाची पुढची सगळी चर्चा याच प्रश्नावर झाली. ती अपुरी राहिली, म्हणून हा लेख. तो युक्तिवाद प्रभावी आहे यात वाद नाही. पण तो कोणापुढे केला गेला, तो मुळात कोणाला सुचला, आणि त्याच मिसिसिपी राज्यातल्या खऱ्या न्यायालयांत असेच युक्तिवाद कोणाच्या बाजूने चालले, हे पाहिले की त्या रडण्याचा अर्थ बदलतो.

खटला कुठे येऊन ठेपला होता

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो. मिसिसिपीतील एका गावात टोन्या हेली नावाची दहा वर्षांची काळी मुलगी दुकानातून सामान घेऊन घरी निघालेली असते. दोन गोरे तरुण तिला गाठतात, तिच्यावर बलात्कार करतात, झाडाला टांगून मारायचा प्रयत्न करतात आणि शेवटी पुलावरून खाली फेकून देतात. मुलगी वाचते. तिचा बाप कार्ल ली हेली लाकडाच्या कारखान्यात काम करणारा मजूर. हे दोघे सुटतील अशी त्याला खात्री वाटते. त्यांना न्यायालयात आणले जात असताना तो दोघांनाही गोळ्या घालतो. सोबतच्या पोलिसालाही गोळी लागते आणि त्याचा पाय कापावा लागतो. कार्ल लीवर खुनाचा खटला चालतो, आणि शिक्षा होणार असेल तर ती मृत्युदंडाचीच, असे सरकारी पक्षाने ठरवलेले असते. त्याचे वकीलपत्र घेतो जेक ब्रिगन्स. तिशीच्या आसपासचा, गोरा, कर्जात बुडालेला वकील.

हा खून शेकडो लोकांसमोर नसला तरी भर न्यायालयाच्या इमारतीत झालेला आहे. कोणी केला यावर वादच नाही. कायद्यात एकच वाट उरते, ती म्हणजे आरोपी त्या क्षणी वेडसर अवस्थेत होता असे सिद्ध करणे. मिसिसिपीत त्यासाठी जुन्या इंग्लिश कायद्यातला मॅकनॉटन नियम लागतो. आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक आहे, हे आरोपीला कळत होते का, एवढेच त्यात पाहिले जाते. राग, दुःख, सूड यांना त्यात जागा नाही.

जेकची ही एकमेव वाट चित्रपटात दोन टप्प्यांत बंद होते. त्याने आणलेला मानसोपचारतज्ज्ञ पूर्वी एका गुन्ह्यात दोषी ठरला होता, ही गोष्ट सरकारी वकील बकली ज्युरीपुढे उघड करतो आणि त्या साक्षीची किंमत शून्य होते. नंतर स्वतः कार्ल ली साक्षीला उभा राहतो. बकली त्याला डिवचत राहतो. शेवटी तो रागाने सांगून टाकतो की ते दोघे मरायच्याच लायकीचे होते. ज्याला हे असे स्पष्ट वाटत होते तो शुद्धीवर नव्हता, असे आता कोणी कसे म्हणणार? अंतिम युक्तिवादाला उभे राहताना जेकच्या हातात कायद्याचा एकही मुद्दा उरलेला नाही. समोर बारा ज्युरर, आणि बाराही गोरे. खटला दुसऱ्या जिल्ह्यात चालवावा हा त्याचा अर्ज न्यायाधीशांनी आधीच फेटाळलेला आहे.

युक्तिवाद कसा बांधला आहे

जेक लिहून आणलेले भाषण बाजूला ठेवतो. कायद्याचे कलम नाही, साक्षीपुराव्याची उजळणी नाही. तो ज्युरीला सांगतो की मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, डोळे मिटून ऐका. मग अत्यंत संथपणे, एकेक कृत्य सुटे करून, तो त्या मुलीवर काय घडले ते सांगतो. त्यात तो कोणाचे नाव घेत नाही, रंगही सांगत नाही. दुकानातून घरी जाणारी एक लहान मुलगी, एवढेच. दोर, झाड, तुटलेली फांदी, पूल. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागते. सगळे सांगून झाल्यावर, अगदी शेवटी, तो तिची कल्पना एक गोरी मुलगी म्हणून करायला सांगतो आणि खाली बसतो.

वकिली कसब म्हणून याकडे नीट पाहा. सुरुवातीलाच त्याने गोऱ्या मुलीची कल्पना करा असे म्हटले असते तर ज्युरी सावध झाली असती, आपल्याला कशात तरी ओढले जात आहे हे त्यांना कळले असते. त्याने आधी दुःख उभे राहू दिले. ते पुरेसे जड झाल्यावर त्याला चेहरा दिला. त्या एका वाक्यानंतर प्रत्येक ज्युररला स्वतःलाच उत्तर द्यावे लागते की आतापर्यंत माझ्या डोळ्यांपुढे कोणती मुलगी होती, आणि आता माझा निर्णय का बदलतो आहे.

अमेरिकन न्यायालयांत अशा युक्तिवादाला एक मर्यादा आहे. 'तुम्ही स्वतःला पीडिताच्या जागी ठेवून पाहा' असे वकिलाने ज्युरीला सांगणे बहुतेक ठिकाणी अयोग्य मानले जाते. कारण स्वतःला त्या जागी ठेवले की माणूस पुरावा तोलत नाही, स्वतःचा कैवार घेतो. जेक तसे थेट म्हणत नाही. तो मुलीची कल्पना करायला सांगतो, ज्युररची स्वतःची नव्हे. पण परिणाम तोच होतो. बाराही जण आपापल्या मुलीच्या बापाच्या जागी जाऊन बसतात. खऱ्या न्यायालयात समोरचा सरकारी वकील हरकत घ्यायला बहुधा उठला असता. चित्रपटातला बकली गप्प बसतो.

चित्रपटात याची चाहूल आधीच लागलेली आहे. पाय गमावलेला गोरा पोलीस साक्षीत सांगतो की माझीही मुलगी आहे, मीही हेच केले असते, या माणसाला सोडा. ज्याला खरोखर इजा झाली त्या माणसानेही कार्ल लीला समजून घेतले ते स्वतःच्या मुलीमार्फत. टोन्यापर्यंत थेट जाणारा रस्ता त्या गावात कोणाला माहीतच नाही.

हे सुचले कोणाला?

आमच्या वर्गातल्या मुलाला जेक आवडला. पण चित्रपट पुन्हा लक्ष देऊन पाहिला तर युक्तिवादाचा खरा कर्ता दुसराच निघतो. आदल्या रात्री जेक तुरुंगात कार्ल लीला भेटायला जातो. खटला हरल्यात जमा आहे, कमी शिक्षेची तडजोड करू, असे सुचवतो. कार्ल ली नकार देतो आणि त्याला सुनावतो. त्याचा आशय असा की तू स्वतःला माझा मित्र समजतोस, पण आपण मित्र नाही. तू कुठे राहतोस आणि मी कुठे, तुझी पोर माझ्या पोरांशी कधी खेळली का? तू त्यांच्यातलाच आहेस, आणि म्हणूनच मी तुला निवडले. तू त्या ज्युरीत असतास तर मला सोडायला तुला काय ऐकावे लागले असते, तेच उद्या बोल.

ज्युरीच्या मनाचा अचूक अभ्यास इथे त्या मजुराने केलेला आहे. गोरा माणूस कसा विचार करतो हे काळ्या माणसाला जिवंत राहण्यासाठी आयुष्यभर शिकावे लागते. गोऱ्याला उलट शिकायची गरज पडत नाही. जेकने दुसऱ्या दिवशी हेच ज्ञान वापरले, आणि पडद्यावर नाव झाले जेकचे.

आता मूळ कादंबरीकडे वळू. जॉन ग्रिशमची ही पहिली कादंबरी, 1989 साली एका लहान प्रकाशनाने पाच हजार प्रती काढून छापलेली. त्या कादंबरीत हा युक्तिवाद जेक करतच नाही. खटला ज्युरीकडे गेल्यावर बंद खोलीत चर्चा अडते आणि ज्युरीतलीच एक गोरी बाई इतरांना डोळे मिटायला लावते. मुलगी गोरी आणि हल्लेखोर काळे अशी कल्पना करा, मग तुम्ही काय कराल ते प्रामाणिकपणे सांगा, असे ती म्हणते. म्हणजे मूळ कथेत गोऱ्यांनी आपापसात, बंद दाराआड, दिलेली ही कबुली आहे. चित्रपटाने ती उचलून तरुण नायकाच्या तोंडी घातली. नाट्य वाढले, पण कबुलीचे रूपांतर विजयाच्या भाषणात झाले.

सगळ्यात बोलकी गोष्ट याच्याही मागची आहे. ग्रिशम स्वतः मिसिसिपीत तरुण वकील होता. 1984 साली डिसोटो काउंटीच्या न्यायालयात त्याने एका बारा वर्षांच्या मुलीची बलात्काराच्या खटल्यातली साक्ष ऐकली. ती ऐकून तो हादरला. हिच्या बापाने त्या माणसाला मारले असते तर काय झाले असते, या विचारातून कादंबरी जन्मली, असे तो सांगत आला आहे. त्या खऱ्या खटल्यातली मुलगी गोरी होती आणि गुन्हेगार काळा. तो दोषी ठरला.

म्हणजे प्रवास असा झाला. एका गोऱ्या मुलीच्या वेदनेने गोऱ्या लेखकाचे काळीज हलले. ती वेदना त्याने कथेत काळ्या मुलीला दिली. आणि कथेच्या शेवटी ज्युरीला ती कळावी म्हणून मुलीला पुन्हा गोरी करावे लागले. ग्रिशमला दोष द्यायचा हेतू नाही. उलट, काळी मुलगी काळी राहून या ज्युरीला दिसत नाही, हे त्याने लपवले नाही. पण मावशींचा प्रश्न त्यामुळे आणखी टोकदार होतो.

समनर, 1955

आता त्याच मिसिसिपीतल्या एका खऱ्या न्यायालयात जाऊ. शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल हा काळा मुलगा सुट्टीत नातेवाइकांकडे मनी नावाच्या गावी आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला असा त्याच्यावर आरोप झाला. 28 ऑगस्ट 1955 च्या रात्री बाईचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम यांनी त्याला घरातून उचलून नेले. तीन दिवसांनी टॅलाहाची नदीत त्याचे प्रेत सापडले. गळ्याला कापूस पिंजायच्या यंत्राचा जड पंखा काटेरी तारेने बांधलेला होता. आई मेमी टिल हिने शिकागोत शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचे काय केले ते जगाने पाहावे, असा तिचा निर्धार होता.

समनर गावात सप्टेंबरमध्ये पाच दिवस खटला चालला. पुरावा कमी नव्हता. मुलाचे वयस्कर नातेवाईक मोझ राइट यांनी भर न्यायालयात उभे राहून आरोपींकडे बोट दाखवले. त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या माणसाने गोऱ्यावर असे बोट रोखणे म्हणजे स्वतःच्या मृत्यूला बोलावणे होते. साक्ष दिल्यावर त्यांना राज्य सोडावे लागले. प्रेताच्या बोटात बापाची आद्याक्षरे कोरलेली अंगठी होती. आईने मुलाला ओळखले. बचाव पक्षाचे म्हणणे एकच होते की हे प्रेत एमेटचे आहेच कशावरून? खुद्द गावचा शेरीफ बचाव पक्षाच्या बाजूने साक्षीला उभा राहिला आणि प्रेत ओळखण्यापलीकडे गेले होते असे त्याने सांगितले.

मग अंतिम युक्तिवाद झाले. बचाव पक्षाचा एक वकील जॉन व्हिटन ज्युरीला उद्देशून म्हणाला की तुमच्यातला प्रत्येक अँग्लो-सॅक्सन माणूस या दोघांना सोडण्याचे धैर्य दाखवील, याची मला खात्री आहे. युक्तिवादाचा गाभा एवढाच. तुम्ही कोण आहात ते आठवा. बारा गोऱ्या पुरुषांनी 67 मिनिटांत दोघांना निर्दोष सोडले. मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असे एका ज्युररने नंतर सांगितल्याचे नोंदले गेले. जानेवारी 1956 मध्ये त्याच दोघांनी 'लुक' मासिकाला पैसे घेऊन मुलाखत दिली आणि खून आपणच केल्याचे सांगितले. एकदा निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

एकच किल्ली

जेकचा आणि व्हिटनचा युक्तिवाद शेजारी ठेवा. एक आपल्याला रडवतो, दुसऱ्याची किळस येते. एकाने लेकीसाठी लढणाऱ्या बापाला वाचवले, दुसऱ्याने पोराच्या मारेकऱ्यांना. नैतिक अंतर आभाळाएवढे आहे आणि ते कोणी पुसू नये. पण दोघांची पद्धत पाहा. दोघेही कायदा आणि पुरावा बाजूला ठेवायला सांगतात. दोघेही ज्युरीला तिच्या गोरेपणाची आठवण करून देतात, एक उघडपणे, दुसरा हळुवारपणे. आणि दोघेही एकाच अधिकारावर विसंबतात. पुरावा काहीही असो, ज्युरीने आरोपीला निर्दोष म्हटले तर तो सुटतो, आणि ज्युरीला त्याचा जाब विचारता येत नाही.

हा अधिकार दुधारी आहे. अन्यायी कायद्यापुढे सामान्य माणसाची ती ढाल होऊ शकते. पण ज्युरी एकाच समाजाची असेल तर ढाल त्या समाजाच्याच हातात राहते. ज्याचे दुःख तिला आपले वाटेल तो वाचेल. कार्ल ली वाचला, कारण अर्ध्या तासासाठी त्याची मुलगी त्यांची झाली. एमेट टिल त्यांचा झाला नाही, कारण त्याच्या आईच्या साक्षीपेक्षा दुकानातल्या गोऱ्या बाईचा मान त्यांना जवळचा होता. त्या बाईची साक्ष न्यायाधीशांनी ज्युरीच्या गैरहजेरीत ऐकली होती, तरी काय घडले असावे याची गोष्ट गावभर आधीच पोहोचलेली होती.

काळजाला हात घालणारा युक्तिवाद आपल्या बाजूने चालला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. तेच काळीज विरुद्ध बाजूने चालले तर आपल्याकडे काय उत्तर आहे? पुरावा हेच उत्तर असायला हवे होते. समनरमध्ये पुरावा होता. तो ऐकायला त्या बाकावर कोणी नव्हते.

बाकावर जागा

समनरची ज्युरी गोरी होती ती योगायोगाने नव्हे. ज्युररची नावे मतदार यादीतून निघत. त्या काउंटीत काळ्यांची लोकसंख्या निम्म्याहून जास्त होती, पण मतदार यादीत एकही काळा नव्हता. 1890 च्या राज्यघटनेने मतदानावर कर आणि घटनेचा अर्थ सांगण्याची परीक्षा घातली होती, आणि परीक्षा घेणारा गोरा कारकून. त्यामागे मारहाणीची आणि खुनाची धमकी असायचीच. मतदार नाही म्हणून ज्युरर नाही. ज्युरर नाही म्हणून मारेकऱ्याला भीती नाही. भीती नाही म्हणून पुन्हा कोणी मतदार व्हायला धजत नाही. बायकांना तर मिसिसिपीत 1968 पर्यंत ज्युरीत बसता येत नव्हते.

ज्युरीतून काळ्यांना कायद्याने वगळता येणार नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1880 सालीच सांगितले होते. म्हणून पुढे कायदा तसा लिहिला गेला नाही, काम तेवढे चालू राहिले. मतदार यादीची वाट 1965 च्या मताधिकार कायद्यानंतर रोखली गेली, तेव्हा दुसरी जास्त वापरात आली. ज्युरी निवडताना दोन्ही बाजूंच्या वकिलांना ठरावीक संख्येपर्यंत कारण न सांगता नावे वगळता येतात. सरकारी वकील काळ्यांची नावे वगळत जाई आणि कारण कोणी विचारत नसे. 1986 साली 'बॅटसन' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की वंशाच्या आधारावर वगळल्याचा संशय आला तर सरकारी वकिलाने वंशाशी संबंध नसलेले कारण द्यावे. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी त्याच निकालपत्रात इशारा दिला की कारणे घडवणे सोपे आहे, हा अधिकारच काढून टाका. तसे झाले नाही.

मार्शल यांचा इशारा किती खरा होता हे मिसिसिपीतच दिसले. जुलै 1996 मध्ये, म्हणजे हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्यात, विनोना गावात एका फर्निचरच्या दुकानात चार जणांचा खून झाला. कर्टिस फ्लॉवर्स या काळ्या माणसावर खटला भरला गेला. तो एकदा नव्हे, सहा वेळा चालला, आणि सहाही वेळा सरकारी वकील एकच. काही निकाल वरच्या न्यायालयाने रद्द केले, दोनदा ज्युरीचे एकमत झाले नाही. सहा खटल्यांत मिळून ज्या 42 काळ्या ज्युररना वगळणे शक्य होते त्यांतल्या 41 जणांना या वकिलाने वगळले. सहाव्या खटल्यात वगळलेल्या पाच काळ्या व्यक्तींना त्याने मिळून 145 प्रश्न विचारले होते. निवडलेल्या अकरा गोऱ्यांना मिळून 12. आडनावाची ओळख आहे का, आरोपीच्या नात्यातले कोणी माहीत आहे का, असे विचारत राहिले की लहान गावात काहीतरी सापडतेच. तेच 'वंशाशी संबंध नसलेले कारण' म्हणून लिहिले जाते. गोऱ्याला विचारलेच नाही तर त्याचे काही सापडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सात विरुद्ध दोन मतांनी ही शिक्षा रद्द केली. 2020 मध्ये आरोप मागे घेतले गेले. तोवर फ्लॉवर्सची जवळजवळ तेवीस वर्षे तुरुंगात गेली होती. त्याला सोडवले ते डोळे मिटायला लावणाऱ्या भाषणाने नव्हे. कोणी किती प्रश्न कोणाला विचारले याची मोजदाद करणाऱ्या वकिलांनी आणि पत्रकारांनी सोडवले. आमच्या एलएलबीच्या मित्राला मी हेच सांगेन. अंतिम युक्तिवाद शिकावाच, पण खटल्याचा निकाल बऱ्याचदा पहिल्या दिवशी, ज्युरी निवडताना लागलेला असतो. त्या दिवसाची नोंद वाचायला शिक.

इथे एक शंका रास्त आहे. काळा ज्युरर काळ्याला सोडीलच, असे म्हणायचे आहे का? नाही. मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल सॉमर्स यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नकली ज्युरींचे प्रयोग केले. मिश्र ज्युरींनी पूर्ण गोऱ्या ज्युरींपेक्षा जास्त वेळ चर्चा केली आणि पुराव्याच्या जास्त बाबी विचारात घेतल्या. मिश्र गटात बसलेल्या गोऱ्यांकडूनही तपशिलाच्या चुका कमी झाल्या. शेजारी वेगळा माणूस बसलेला असला की प्रत्येक जण जपून, पुरावा धरून बोलतो. म्हणजे त्या जागेचा उपयोग सहानुभूती वाढवायला कमी आणि पुरावा ऐकला जायला जास्त होतो.

पाहुणी सहानुभूती

हे वाचताना मला 1919 आठवते. साउथबरो समितीपुढे साक्ष द्यायला उभे राहिलेले बाबासाहेब तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, अजून बॅरिस्टर व्हायचे होते. अस्पृश्यांची बाजू स्पृश्य प्रतिनिधी मांडतील, हा समज त्यांनी तिथे मोडून काढला. लोकांची मते कोणीतरी मांडणे पुरेसे नाही, ती माणसे स्वतः तिथे बसली पाहिजेत, आणि अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यच करू शकतात, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. प्रश्न विधिमंडळाचा होता, ज्युरीचा नव्हे. पण तर्क तोच आहे. चांगल्या मनाचा जेक तुमच्या वतीने बोलेल, कदाचित जिंकेलही. मात्र जिंकण्यासाठी तो तुमच्या लेकीला स्वतःच्या लेकीचे रूप देईल, कारण ऐकणाऱ्यांना तेवढेच समजते.

चित्रपटाच्या शेवटी कार्ल ली निर्दोष सुटतो, बाहेर जल्लोष होतो. मग जेक बायकोला आणि मुलीला घेऊन कार्ल लीच्या घरी जेवणाच्या मेळाव्याला येतो. मुली एकमेकींशी खेळू लागतात. तुरुंगात कार्ल लीने जे विचारले होते त्याचे हे उत्तर. आनंद वाटतो, वाटू द्यावा. पण त्या गावाच्या ज्युरीची यादी दुसऱ्या दिवशीही तशीच राहते. पुढच्या कार्ल लीला पुन्हा एक जेक शोधावा लागेल, आणि पुन्हा बारा गोऱ्यांनी डोळे मिटावे लागतील. सहानुभूती पाहुणी असते, आली तशी जाते. बाकावरची जागा मिळाली तर ती राहते.

मावशींच्या प्रश्नाला आमच्या वर्गात शेवटी उत्तर दिले ते त्याच मुलाने. तो म्हणाला, "मावशी, त्या बारांत टोन्याची एखादी शिक्षिका, एखादी शेजारीण बसलेली असती तर जेकला डोळे मिटा म्हणावंच लागलं नसतं."

मावशी म्हणाल्या, "मग डोळे उघडे ठेवूनच निकाल दिला असता."

जय भीम!